साहेबांना मेसेज पाठवताना: उद्गारचिन्हं, इमोजी आणि शॉर्टफॉर्म कसे कमी करावेत?



आज एका साध्या पण रोजच्या विषयावर लिहिते आहे. आपण पाचवीच्या मुलांना औपचारिक आणि अनौपचारिक पत्रातला फरक शिकवतो. मायना कसा लिहायचा, विषय कुठे लिहायचा, शेवट कसा करायचा, सगळं फळ्यावर लिहून देतो. आणि त्याच दिवशी मधल्या सुट्टीत केंद्राच्या ग्रुपवर आपण स्वतः काय लिहितो? माझं उदाहरण सांगते. त्यात चूक माझीच होती, म्हणून मोकळेपणाने सांगता येईल.

आमची शाळा तीनशिक्षकी आहे. पहिली ते पाचवी, पट ६२. त्या वर्षी मुख्याध्यापकपदाचा पदभार माझ्याकडे होता. जुलै महिन्यातली २२ तारीख, सोमवार. दुपारी खिचडी वाटून झाल्यावर मदतनीस ताईंनी सांगितलं, "मॅडम, तांदूळ संपत आलाय." मी जाऊन पाहिलं, मोजून २५ किलो उरला होता. लगेच मोबाईल काढला आणि केंद्रप्रमुख सरांना हा मेसेज टाकला:

> जीएम सर!!! 🙏🙏 शा.पो.आ. तांदूळ ४ दि पर्यंतच आहे सर!! 😭😭 पोरं उपाशी राहतील 😅 प्लीज लवकर बघा ना!!! टीक्यू 🙏🌹

सरांचं लगेच उत्तर आलं: 👍

मी निश्चिंत झाले. मला वाटलं, सरांनी पाहिलं, आता तांदळाची सोय होईल. शुक्रवारी शेवटचा तांदूळ शिजला तरी गाडीचा पत्ता नाही. सरांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही तर ४ तारखेपर्यंत पुरेल असं कळवलं होतं ना? मी तुमच्या शाळेला ऑगस्टच्या यादीत धरलंय."

मी "४ दि" लिहिलं ते "चार दिवस" म्हणून. सरांनी वाचलं "४ दिनांक". सरांचं काही चुकलं नाही. कार्यालयात "दि." म्हणजे दिनांकच. शेवटी शनिवारच्या सकाळच्या शाळेसाठी शेजारच्या शाळेतून अर्धा कट्टा तांदूळ उसना आणला आणि दोन्ही शाळांच्या नोंदवहीत तशी नोंद केली. मुलं उपाशी राहिली नाहीत. पण शुक्रवारी संध्याकाळी माझी जी धावपळ झाली ती एका मेसेजमुळे झाली.

त्या रात्री मी तो मेसेज पुन्हा वाचला. त्यात सहा विनवण्या होत्या, पण किती किलो तांदूळ आहे हे कुठेच नव्हतं.

हे सगळं आपण का वापरतो?

आधी हे समजून घेऊ, म्हणजे ते काढणं सोपं जाईल. उद्गारचिन्हं, इमोजी आणि "प्लीज प्लीज" हे आपण उगाच टाकत नाही. समोर बसून बोलताना आपला आवाज, चेहरा, हात जोडणं यातून बरंच काही पोहोचतं. मेसेजमध्ये ते नसतं. म्हणून घाई दाखवायला "!!!", नम्रता दाखवायला 🙏, अडचण दाखवायला 😭 आणि "रागावू नका हं" म्हणायला 😅. मैत्रिणीला लिहिताना हे छान चालतं, कारण तिला आपला आवाज माहीत असतो. ती मेसेज वाचताना तो ऐकतेच.

साहेबांचं तसं नसतं. केंद्रप्रमुखांकडे दहा-पंधरा शाळा असतात. प्रत्येक शाळेचे दिवसाला दोन-तीन मेसेज धरले तरी ते मोबाईलवर नुसते बोट फिरवत वाचतात. शिवाय आपला मेसेज त्यांच्यापाशी थांबत नाही. ते तो विस्तार अधिकाऱ्यांना पुढे पाठवतात, किंवा त्यातला आकडा तक्त्यात भरतात. मेसेज पुढे गेला की आपला चेहरा, आपली ओळख मागे राहते आणि नुसती अक्षरं पुढे जातात. तालुक्याच्या कार्यालयात जो लिपिक तो वाचेल त्याला 😭 चं काय करायचं? तक्त्यात त्याला रकाना नाही.

म्हणून माझा मुद्दा एवढाच आहे: मेसेजमधलं प्रत्येक उद्गारचिन्ह आणि प्रत्येक इमोजी एखाद्या न लिहिलेल्या शब्दाच्या जागी बसलेलं असतं. ते नुसतं काढून भागत नाही. ते काढायचं आणि त्या जागी आपल्याला जे म्हणायचं होतं ते शब्दांत लिहायचं. आता माझाच मेसेज घेऊन हे करून पाहू.

पहिली पायरी: सगळं काढून टाका आणि उरलं काय ते पाहा

चिन्हं, इमोजी, "जीएम", "टीक्यू", "प्लीज" काढल्यावर माझा मेसेज असा उरतो:

> सर, शा.पो.आ. तांदूळ ४ दि पर्यंतच आहे सर. पोरं उपाशी राहतील. लवकर बघा ना.

वाचून कसं वाटतं? मला तर उद्धट वाटलं. "लवकर बघा" हा हुकूम झाला. "पोरं उपाशी राहतील" ही धमकी झाली. इथेच आपण घाबरतो आणि पुन्हा दोन 🙏 चिकटवतो. पण नीट पाहिलं तर कळतं की वाक्य आधीपासूनच उद्धट होतं. इमोजींनी ते फक्त झाकलं होतं.

दुसरी गोष्ट दिसते ती म्हणजे काय काय लिहिलेलंच नाही. कोणती शाळा? किती किलो? रोज किती लागतो? कोणत्या वारापर्यंत पुरेल? आणि मला सरांकडून नेमकं काय हवं आहे? "बघा ना" म्हणजे काय करायचं त्यांनी?

दुसरी पायरी: प्रत्येक चिन्हाच्या जागी शब्द ठेवा

आता एकेक चिन्ह घेऊ.

*तीन उद्गारचिन्हं (!!!).* मला म्हणायचं होतं, "हे तातडीचं आहे." तातडी किती, हे उद्गारचिन्ह सांगत नाही. तीन चिन्हं म्हणजे उद्या की पुढच्या आठवड्यात? तातडी सांगते ती तारीख. प्राथमिक वर्गांसाठी एका मुलाला दररोज १०० ग्रॅम तांदूळ धरतात. ६२ मुलांचे झाले ६ किलो २०० ग्रॅम. चार दिवसांचे २४ किलो ८०० ग्रॅम. म्हणजे २५ किलो तांदूळ मंगळवार ते शुक्रवार पुरणार आणि शनिवारी डब्यात २०० ग्रॅम राहणार. हा हिशोब मी मनात केला होता, म्हणूनच "४ दि" लिहिलं. पण तो मेसेजमध्ये उतरला नाही. "शुक्रवार, दि. २६ जुलैपर्यंत पुरेल" असं लिहिलं असतं तर एकही उद्गारचिन्ह लागलं नसतं. त्यात वारही आहे आणि तारीखही आहे, त्यामुळे एक चुकली तरी दुसरी सांभाळून घेते.

*रडणारा चेहरा (😭).* मला म्हणायचं होतं, "परिस्थिती गंभीर आहे." गांभीर्य सांगायला परिणाम लिहावा: "शनिवारी आहार शिजवण्यासाठी तांदूळ नसेल." एवढं साधं वाक्य वाचून कोणताही अधिकारी थांबतो. आणखी एक गंमत सांगते. लहान पडद्यावर 😭 आणि हसून डोळ्यांत पाणी आलेला 😂 हे दोन चेहरे घाईत सारखेच दिसतात. ज्यांना वाचायला चष्मा लागतो त्यांना तर हमखास. आपण रडतोय की हसतोय हे समोरच्याच्या चष्म्यावर सोडू नये.

*घाम आलेला हसरा चेहरा (😅).* हा मी "पोरं उपाशी राहतील" याच्यापुढे टाकला होता. मला वाटलं, त्यामुळे तक्रारीचा सूर कमी होईल. झालं उलटंच. मुलं उपाशी राहण्याच्या वाक्यापुढे हसरा चेहरा! ज्याला मी माहीत नाही त्याला ही थट्टाच वाटेल. याच्या जागी काही लिहायची गरजच नव्हती, कारण सरळ माहिती दिली की तक्रारीचा सूर येतच नाही.

*जोडलेले हात (🙏).* आपल्याकडे सगळ्यात जास्त वापरला जाणारा हाच. आणि याचे अर्थ किती! नमस्कार, विनंती, आभार, क्षमा, देवाचा फोटो आला की दर्शन, आणि कुणी गेल्याची बातमी आली की श्रद्धांजली. माझ्या मेसेजात तो सुरुवातीला नमस्कार होता आणि शेवटी आभार. मधली खरी विनंती मात्र "बघा ना" एवढीच होती. तिथेच शब्द हवे होते: "पुरवठा होऊ शकेल का, कृपया कळवावे."

*गुलाबाचं फूल (🌹).* याचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा. मी ते शांतपणे काढलं.

तिसरी पायरी: शॉर्टफॉर्मची दोन गटांत विभागणी

सगळे शॉर्टफॉर्म वाईट नसतात. आपल्या खात्यात जि.प., मु.अ., शा.पो.आ., शा.व्य.स. हे इतके रुळलेत की पूर्ण रूप लिहिलं तर उलट वाचणारा अडखळेल. सीएल म्हणजे किरकोळ रजा, हे कुणाला सांगावं लागत नाही. हे झाले कार्यालयीन संक्षेप. कागदावरच्या पत्रातही ते चालतात, म्हणून मेसेजमध्येही चालतात.

दुसरा गट गप्पांचा: जीएम, टीक्यू, प्लीज, ओके, "उद्या देते हं". यांनी अर्थ फारसा बिघडत नाही, पण आपण घाईत, चालता चालता लिहिलंय असं दिसतं. "जीएम" लिहायला तीन अक्षरं लागतात आणि "नमस्कार" लिहायला चार. एक अक्षर वाचवून काय मिळतं? शिवाय माझा मेसेज दुपारी गेला होता आणि त्यात "जीएम" होतं!

खरा धोका तिसऱ्याच प्रकारात आहे. जे आपण त्या क्षणी स्वतःच बनवतो ते शॉर्टफॉर्म. "दि" म्हणजे दिवस की दिनांक? "वि" म्हणजे विद्यार्थी की विषय? "उप. ५८" म्हणजे उपस्थिती, हे वर्गात बसलेल्याला कळतं, पण यादी करणाऱ्याला कळेलच असं नाही. माझा सगळा घोळ या एका "दि" ने केला. नियम म्हणून एवढं लक्षात ठेवा: आकड्याच्या शेजारी कधीही घरगुती शॉर्टफॉर्म नको. आकड्याला लागून असलेला शब्द पूर्ण लिहायचा. "४ दिवस", "५८ विद्यार्थी उपस्थित", "२५ किलो". आकडा चुकीचा वाचला गेला की काम चुकतं. बाकीचे शब्द चुकीचे वाचले गेले तर फार तर हसू होतं.

आता पूर्ण मेसेज

या तीन पायऱ्यांनंतर मेसेज असा झाला:

> नमस्कार सर,
> विषय: शालेय पोषण आहार, तांदूळ शिल्लक
> शाळा: जि.प. प्राथमिक शाळा, (गावाचे नाव)
> आज सोमवार, दि. २२ जुलै रोजी आहार वाटपानंतर २५ किलो तांदूळ शिल्लक आहे. पट ६२, रोजची गरज ६ किलो २०० ग्रॅम. हा साठा शुक्रवार, दि. २६ जुलैपर्यंत पुरेल. शनिवारी आहार शिजवण्यासाठी तांदूळ नसेल.
> त्यापूर्वी पुरवठा होऊ शकेल का, की शेजारच्या शाळेकडून उसना घ्यावा, हे कृपया कळवावे.
> (नाव), प्रभारी मुख्याध्यापक

मेसेज आधीपेक्षा लांब झाला. तरी वाचायला कमी वेळ लागतो, कारण सरांना आता अंदाज बांधावा लागत नाही. यात एकही उद्गारचिन्ह नाही, तरी तातडी कळते. एकही इमोजी नाही, तरी उद्धट वाटत नाही.

उद्धट का वाटत नाही, हे जरा पाहू. मराठीत आदर दाखवायची साधनं भाषेतच आहेत. "बघा" आणि "कळवावे" यांत फरक आहे. "कळवा" ही आज्ञा होते, "कळवावे" ही विनंती होते. "होऊ शकेल का" असं विचारलं की समोरच्याला नाही म्हणायची जागा राहते. "सर", "आपण", "कृपया" हे शब्द एकेकदा आले की पुरतात. मोडी लिपीत पत्रं लिहिली जात तेव्हा तर विरामचिन्हंच नव्हती. आज आपण वापरतो ती विरामचिन्हं मराठीत एकोणिसाव्या शतकात छपाईबरोबर रुळली आणि त्यात मेजर थॉमस कँडी यांचा मोठा वाटा होता. त्याआधीही लोक सरदारांना, वडीलधाऱ्यांना पत्रं लिहीतच होते. सगळा मान मायन्यात आणि क्रियापदांत असायचा.

पण दुसऱ्या टोकाला जाऊ नका. "महोदय, सविनय सादर करण्यात येते की उपरोक्त विषयास अनुसरून" असं मोबाईलवर लिहिलं तर सर पहिल्या दोन ओळींत काहीच कळलं नाही म्हणून पुढे सरकतील. मोबाईलवर मेसेज न उघडता आधी फक्त सुरुवातीचे शब्द दिसतात. म्हणून नमस्कारानंतर लगेच विषय यायला हवा.

उत्तर देताना आणि घेताना

माझ्या गोष्टीत दुसरी चूक 👍 ची होती. सरांनी तो "वाचलं" या अर्थाने दिला, मी तो "सोय करतो" असा घेतला. साहेबांना "अंगठा देऊ नका" असं आपण सांगू शकत नाही. पण आपला प्रश्न असा ठेवता येतो की अंगठ्याने त्याचं उत्तरच देता येणार नाही. "बघा ना" याला अंगठा चालतो. "पुरवठा होईल का, की उसना घ्यावा?" याला अंगठा दिला तर देणाऱ्यालाच कळतं की उत्तर अपुरं आहे. तरीही अंगठाच आला तर संध्याकाळी एक ओळ लिहावी: "सर, उसना घेण्यास परवानगी आहे असे समजून शुक्रवारी शेजारच्या शाळेतून २५ किलो घेते. वेगळे करायचे असल्यास कृपया कळवावे."

आपण उत्तर देतानाही तेच. सरांनी माहिती मागितली आणि आपण "ओके सर 👍😊" लिहिलं, तर माहिती कधी येणार हे त्यांना कळत नाही. "हो सर, आज सायंकाळी ५ पर्यंत पाठवते" असं लिहिलं की त्यांना पुन्हा विचारावं लागत नाही.

आणि प्रश्नचिन्हंही मोजून वापरा. "लिंक कधी येणार??" यात दोन प्रश्नचिन्हं आली की तो प्रश्न राहत नाही, जाब विचारल्यासारखं होतं. एकच ठेवा.

उशीर झाला, चूक झाली तर?

इमोजी सगळ्यात जास्त नुकसान करतात ते इथे. आपल्याला लाज वाटते, म्हणून आपण तोंड लपवणारं माकड टाकतो. यू-डायसची माहिती भरायची शेवटची तारीख होती आणि एका सहकारी मॅडमनी मला दाखवायला म्हणून हा मसुदा पाठवला:

> सॉरी सर 🙈🙈 नेटच नव्हतं!!! उद्या नक्की 😊

आम्ही दोघींनी बसून तो बदलला:

> नमस्कार सर, यू-डायसमध्ये ६२ पैकी ४८ विद्यार्थ्यांची माहिती भरून झाली आहे. नेटवर्क नसल्याने १४ विद्यार्थ्यांची राहिली आहे. उद्या, मंगळवारी तालुक्याच्या गावी जाऊन सकाळी ११ पर्यंत पूर्ण करते. उशिराबद्दल क्षमस्व.

पहिल्या मेसेजात काम झालंच नाही असं दिसतं. खरं तर बरंचसं झालं होतं, पण माकडाने तेही लपवलं. "क्षमस्व" एकदाच आणि शेवटी आहे, कारण साहेबांना आधी काम कुठवर आलं ते हवं असतं.

कुठे काढू नये?

हे वाचून ग्रुपवर एकदम कोरडेपणा आणू नका. सरांचा वाढदिवस आहे, कुणाची बदली सोयीच्या शाळेत झाली, केंद्रातल्या मुलीचा शिष्यवृत्तीत नंबर आला, तर "अभिनंदन!" मधलं उद्गारचिन्ह त्याच्या हक्काच्या जागी आहे. तिथे फूलही चालेल. सर स्वतः हसऱ्या चेहऱ्यानं बोलत असतील तर आपणही एखादा टाकला म्हणून बिघडत नाही. दुःखद बातमीखाली मात्र नुसतं 🙏💐 टाकण्यापेक्षा एक ओळ लिहावी. घरचे लोक ते नंतर वाचतात.

फरक एवढाच ओळखायचा: मेसेजमध्ये आकडा, तारीख, मागणी किंवा कबुली असेल तर तो कामाचा मेसेज. त्यात शब्दच हवेत. शेवटी सवयीने एक 🙏 राहिलाच तर काही आकाश कोसळत नाही. फक्त तो काढल्यावर मेसेजचा अर्थ कमी होता कामा नये.

पाठवण्याआधीची चाचणी

मी आता एक सोपी चाचणी करते. मेसेज लिहून झाला की मनात म्हणते, "समजा सरांनी हा मेसेज गटशिक्षणाधिकारी साहेबांना फोनवरून वाचून दाखवला, तर?" फोनवर 🙏 वाचता येत नाही. "!!!" ऐकू येत नाही. "दि" उच्चारलं की लगेच विचारणा होते, "दिवस की दिनांक?" जे वाचून दाखवता येत नाही ते एक तर काढायचं, नाहीतर शब्दांत लिहायचं. माझा जुना मेसेज मोठ्याने वाचून पाहा, लगेच अडखळाल. नवा वाचून पाहा, सरळ जातो.

आणि पाठवल्यावर चूक लक्षात आली तर घाबरू नका. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो. पण तोवर तो कुणी पुढे पाठवला असेल तर तिकडची प्रत बदलत नाही. म्हणून तारीख किंवा आकडा चुकला असेल तर गुपचूप दुरुस्ती न करता नवीन ओळ लिहावी: "वरील मेसेजमध्ये २६ जुलै असे वाचावे."

वर्गासाठी आणि घरासाठी एक उपक्रम

चौथी-पाचवीच्या मुलांना हे फार आवडतं. फळ्यावर एक प्रसंग लिहा: "उद्या मला ताप असल्याने शाळेत येता येणार नाही." मुलांना हाच निरोप दोनदा लिहायला सांगा, एकदा मित्राला आणि एकदा वर्गशिक्षकांना. मित्राच्या निरोपात त्यांना हवी ती चित्रं काढू द्या. मग शेजारच्या मुलाने दोन्ही मोठ्याने वाचायचे. चित्र आलं की त्याने थांबायचं आणि लिहिणाऱ्याने सांगायचं, "इथे मला असं म्हणायचं होतं." ते वाक्य शिक्षकांच्या निरोपात लिहायचं. माझ्या वर्गात एका मुलाने तापाच्या पुढे तीन रडके चेहरे काढले होते. विचारलं तर म्हणाला, "मॅडम, म्हणजे तीन दिवस येणार नाही." तो आकडा त्याने मग शब्दांत लिहिला.

पालकांनी घरीही हे करून पाहावं. तुम्ही कारखान्यात, बँकेत, दुकानात जिथे काम करता तिथे साहेबांना रजेचा मेसेज करण्याआधी तो मुलाला मोठ्याने वाचायला द्या. "सर उद्या नाही जमणार 🙏🙏 थोडं काम आहे" हे वाचून मूल विचारेल, "उद्याच फक्त? दिवसभर? आणि तुमचं काम कोण करणार?" त्या तीन प्रश्नांची उत्तरं लिहिलीत की तुमचा मेसेज तयार झाला: "सर, उद्या गुरुवारी दुपारी २ पर्यंत मुलीला दवाखान्यात न्यायचे आहे. २ नंतर कामावर येतो. सकाळचे काम आजच पूर्ण करून ठेवतो. कृपया अर्ध्या दिवसाची रजा मिळावी."

त्या जुलैनंतर मी शिल्लक तांदळाचा मेसेज दर सोमवारी, याच नमुन्यात पाठवते. फक्त आकडे आणि तारखा बदलते. सरांचं उत्तर अजूनही बहुतेक वेळा 👍 असंच येतं. पण आता त्याचा अर्थ आम्हा दोघांनाही सारखाच कळतो.